गडद कापडावर डिस्चार्ज प्रिंटिंग: पहिला नमुना काढण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत

काळ्या कापडावर पांढरी नक्षी हवी असेल तर दोन वाटा असतात. एक म्हणजे वरून पांढरा रंग चढवायचा. तो थर बोटाला लागतो, कापड तिथे कडक होतं आणि काही धुण्यांनंतर भेगाळतं. दुसरी वाट म्हणजे कापडात असलेलाच रंग नक्षीपुरता काढून टाकायचा. हीच डिस्चार्ज प्रिंटिंग. इथे छापलेल्या जागी हात फिरवला तर नुसतं सुती कापडच लागतं, कारण तिथे वर काही उरलेलंच नसतं.

मी ही छपाई शिकले तेव्हा सगळं लक्ष पेस्टच्या कृतीवर होतं. चुका मात्र बहुतेक वेळा दोनच ठिकाणी झाल्या: कापड निवडताना आणि वाफ देताना. म्हणून या लेखात त्या दोन पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे. मी फक्त सुती कापड आणि रोंगालाइट हे रंग काढणारं रसायन वापरून पांढरी नक्षी काढण्याबद्दल लिहिते आहे. रेशीम, लोकर आणि पॉलिस्टरची रसायनं वेगळी असतात, ही कृती त्यांच्यावर वापरू नका.

१. आधी समजून घ्या: रंग जातो म्हणजे नेमकं काय होतं

सुती कापडावरचे पुष्कळ गडद रंग ॲझो वर्गातले असतात. त्यांच्या रेणूच्या मध्यभागी नायट्रोजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो आणि रंग दिसतो तो या पुलामुळे. रोंगालाइट हे क्षपणकारक आहे. गरम, ओल्या वाफेत ते जागं होतं आणि तो पूल तोडतं. रेणूचे दोन तुकडे होतात, तुकड्यांना सहसा रंग नसतो, आणि धुताना ते निघून जातात. एकदा तुटलेला पूल हवेने पुन्हा जुळत नाही, म्हणून ही नक्षी कायमची राहते.

पुढे जे काही बिघडतं त्याची मुळं या चार-पाच वाक्यांतच आहेत. पूल नसलेला रंग असेल तर तोडायला काही नाही. वाफ कोरडी असेल तर रोंगालाइट जागंच होत नाही. तुकडे धुऊन निघाले नाहीत तर नक्षी पिवळट राहते.

२. कापडाची परीक्षा, खरेदीच्या आधी

दुकानातला काळा आणि काळा यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. रंग कुठल्या वर्गाचा आहे हे विक्रेत्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. त्यामुळे पूर्ण ताका घेण्याआधी तळहाताएवढा तुकडा मागून घ्या.

परीक्षा सोपी आहे. अर्धा कप कोमट पाण्यात दोन चमचे रोंगालाइट आणि अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. ब्रशने तुकड्यावर एक जाड रेघ ओढा. ती दमट असतानाच वर एक जुनं सुती फडकं ठेवून वाफेच्या इस्त्रीने वीस-तीस सेकंद भरपूर वाफ द्या. इस्त्री घासू नका, जागेवर टेकवून ठेवा. मग तुकडा साबणाच्या गरम पाण्यात धुऊन वाळवा आणि दिवसाच्या उजेडात बघा. ओला असताना निकाल ठरवू नका.

एकदा मला एका कामासाठी तीन गडद कापडांतून एक निवडायचं होतं: दोन काळी आणि एक बाटलीहिरवं. तिन्हींवर एकाच वाटीतल्या द्रावणाची रेघ ओढली.

पहिल्या काळ्यावर अर्ध्या मिनिटात रेघ आधी तांबूस, मग पिवळट झाली आणि धुतल्यावर दुधी उरली. दुसऱ्या काळ्यावर रंग तितक्याच झटकन उतरला, पण धुऊनही खाकी छटा राहिली. पुन्हा धुतलं, उकळलं, तरी ती हलली नाही. हिरव्यावर तर रेघ स्वच्छ, चमकदार फिरोजी झाली.

कारणं नंतर रंगवणाऱ्याकडून कळली. दोन्ही काळी कापडं रिॲक्टिव्ह रंगांची होती, म्हणजे रंग तंतूला रासायनिक बंधाने बांधलेला. पहिल्यातला रंग व्हिनाइल सल्फोन गटातला होता. सोड्यासारखं अल्क आणि वाफ यांमध्ये या गटाचा तंतूशी असलेला बंधही सुटतो, त्यामुळे तुटलेले दोन्ही तुकडे धुऊन जातात. दुसऱ्यातला रंग ट्रायझिन गटातला. त्यात मधला पूल तुटतो, पण तंतूला चिकटलेला अर्धा तुकडा तिथेच राहतो आणि खाकी दिसतो. कितीही साबण घाला, तो निघणार नाही, कारण तो डाग नाही, कापडाशी जोडलेला भाग आहे.

हिरवं कापड पिवळा आणि फिरोजी यांच्या मिश्रणाने रंगवलेलं होतं. पिवळा ॲझो असल्याने गेला. फिरोजी रंग थॅलोसायनिन वर्गाचा, रोंगालाइटला न जुमानणारा, म्हणून तो उरला. पांढऱ्याच्या दृष्टीने हे अपयश, पण मी तो तुकडा जपून ठेवला. हिरव्या जमिनीवर फिरोजी नक्षी मुद्दाम हवी असेल तर असंच कापड शोधावं लागतं.

पहिल्या काळ्याचाही एक हातभर तुकडा मी बाजूला काढून ठेवला. तुम्हीही रंग चांगला उतरणारं एक कापड हाती लागलं की तसंच करा. तो तुमचा साक्षीदार. त्याचा उपयोग शेवटच्या भागात सांगते.

एक सापळा: काही जण कापडावर ब्लीचचा थेंब टाकून परीक्षा घेतात. ब्लीच ऑक्सिडीकरण करतं, रोंगालाइट नेमकं उलटं. ब्लीचने उतरलेला रंग रोंगालाइटने उतरेलच असं नाही. परीक्षा ज्याने छापायचं त्यानेच घ्या.

३. लागणारं सामान

- रोंगालाइट, म्हणजे सोडियम फॉर्मल्डिहाइड सल्फॉक्सिलेट. काही विक्रेते ते सफोलाइट नावाने देतात
- धुण्याचा सोडा (सोडा ॲश, खाण्याचा सोडा नाही)
- ग्लिसरीन
- छपाईचा ग्वार गोंद
- स्क्रीन आणि स्क्वीजी, किंवा लाकडी ठसे
- ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- झाकणाचं उंच पातेलं, आत ठेवायला जाळी, न छापलेलं जुनं सुती कापड
- रबरी हातमोजे आणि भुकटी मोजताना लावायचा मास्क

पातेलं आणि चमचे एकदा या कामाला वापरले की परत स्वयंपाकघरात नेऊ नका. वाफ देताना रोंगालाइटमधून फॉर्मल्डिहाइड आणि गंधकाचा उग्र वास सुटतो, त्याने डोळे चुरचुरतात आणि डोकं धरतं. हे काम खिडक्या उघड्या ठेवून किंवा बाहेर मोकळ्यावर करा. रोंगालाइटजवळ ब्लीच किंवा आम्ल ठेवू नका.

रोंगालाइटचा डबा घट्ट झाकणाचा आणि कोरडा हवा. दमट हवेने त्याचे गठ्ठे होतात आणि जोर कमी होतो. जुना डबा उघडल्यावर भुकटी ओलसर, चिकट वाटली तर तिच्या भरवशावर मोठं काम सुरू करू नका.

४. कापड तयार करणं

बाजारातल्या कापडावर खळ असते, कधी सिलिकॉनचा मऊपणा, कधी सुरकुत्या न पडण्याची रेझिन. पेस्ट यातून तंतूपर्यंत पोहोचत नाही. कापड साबणाच्या गरम पाण्यात धुवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच शोषला गेला पाहिजे. मण्यासारखा वर बसून राहिला तर आणखी धुवा.

दुसरं कारणही तितकंच महत्त्वाचं. गडद कापडात न बांधला गेलेला जादा रंग असतो. तो आधी काढला नाही तर शेवटच्या धुण्यात सुटतो आणि ताज्या पांढऱ्या नक्षीवर जाऊन बसतो. धुण्याचं पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत हे धुणं करा.

५. पेस्ट: ५०० ग्रॅम

गोंद विक्रेत्याने सांगितलेल्या प्रमाणात आदल्या रात्री पाण्यात भिजवा. तो नेहमीपेक्षा जरा घट्टच हवा, कारण त्यात अजून पाणी जाणार आहे. दुसऱ्या दिवशी त्यातला २५० ग्रॅम घ्या आणि २० ग्रॅम ग्लिसरीन मिसळा. २० ग्रॅम सोडा ४५ मिली कोमट पाण्यात विरघळवून तो घाला. शेवटी ७५ ग्रॅम रोंगालाइट ९० मिली कोमट पाण्यात ढवळून घाला. कोमट म्हणजे हाताला सुखद लागेल इतकंच. गरम पाण्यात रोंगालाइट तिथेच खर्च व्हायला लागतं. थोडे कण राहिले तर ते गोंदात विरघळतात. सगळं मिळून ५०० ग्रॅम होईल. पातळ मलमलीतून गाळून घ्या, नाहीतर एखादी गुठळी स्क्रीनखाली फुटून नक्षीत गोल ठिपका येतो.

रोंगालाइट यात १५ टक्के आहे. गडद काळ्यासाठी मी इथूनच सुरुवात करते आणि मध्यम छटेसाठी १० टक्क्यांवर येते. पांढरं पुरेसं आलं नाही की हात आपोआप जास्त रोंगालाइटकडे जातो. पण रंगच न उतरणारा असेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि जास्त रोंगालाइटमुळे कडा मात्र पसरतात.

ग्लिसरीन इथे ओलावा धरून ठेवतं, वाफेत तो लागतो. पण ते वाढवलं तर वाफेत नक्षी ओली होऊन वाहते. पेस्ट त्याच दिवशी वापरा.

६. छपाई

या पेस्टला स्वतःचा रंग जवळपास नसतो. काळ्या कापडावर ती ओली असताना गडद, किंचित चमकणारी दिसते आणि वाळली की अंदाजच लागत नाही. नेमकं कुठे छापलं आहे हे तिरक्या उजेडात बघत राहावं लागतं.

म्हणूनच इथला मोठा सापळा म्हणजे न दिसणारे डाग. पहिल्या मोठ्या कापडावर छपाई झाल्यावर मी ते दोन्ही टोकांना धरून दोरीवर टाकलं. मोज्याच्या बोटांना पेस्ट लागलेली होती. कापडावर काहीच दिसत नव्हतं. वाफेतून काढल्यावर काठापाशी चार बोटं आणि एक अंगठा असे पाच पांढरे ठसे उमटले होते, मोज्याच्या खरखरीत पोतासकट. ते परत काळे करता येत नाहीत. तेव्हापासून एका हाताने छापते आणि कापड उचलायला नवे, कोरडे मोजे घालते. टेबलाची कड, स्क्रीनची खालची बाजू, कापडाला लागणारी बाही, हे सगळं पुसून घ्या.

७. वाळवणं

पंख्याखाली, सावलीत वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा किंवा ऊन नको, त्याने रोंगालाइट वाफेआधीच संपतं. हाताला कोरडं लागलं की पुरे.

वाळल्यावर घड्याळ सुरू झालं असं समजा. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन रोंगालाइट खात राहतात. सकाळी छापलेलं संध्याकाळच्या आत वाफेत गेलं पाहिजे. पावसाळी, दमट हवेत तर काही तासांतच. उद्या एकदम सगळ्यांना वाफ देऊ म्हणून छापलेली कापडं साठवली तर पहिली आणि शेवटची यांची पांढरी छटा वेगवेगळी येते.

८. वाफ देणं

कारखान्यात हे काम १०२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या, हवा नसलेल्या संपृक्त वाफेत पाच ते दहा मिनिटांत होतं. पातेल्यात आपल्याला तीच अवस्था जमेल तितकी आणायची असते: वाफ ओली हवी, पण पाणी कापडाला लागायला नको, आणि आत हवा उरायला नको.

पातेल्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी घ्या आणि जाळी पाण्यापासून बरीच वर बसवा, उकळीचे शिंतोडे तिथपर्यंत येता कामा नयेत. छापलेलं कापड न छापलेल्या सुती कापडावर पसरा आणि दोन्ही मिळून सैल गुंडाळी करा. छापलेली बाजू छापलेल्या बाजूला कुठेही टेकू नये. टेकली तर नक्षीची फिकट आरशातली प्रत शेजारी उमटते.

गुंडाळी आत ठेवण्याआधी पाणी खळखळून उकळू द्या आणि झाकणाच्या फटीतून वाफ जोराने बाहेर येऊ द्या. तेवढ्यात आतली हवा निघून जाते. थंड पातेल्यात कापड ठेवून मग आच लावली तर पहिली काही मिनिटं कापड हवेत गरम होतं, रोंगालाइट हवेशीच झगडून संपतं आणि रंगाच्या वाट्याला थोडंच येतं. नवशिक्यांची नक्षी राखाडी राहते त्यात हे कारण मी फार वेळा पाहिलं आहे.

गुंडाळीवर जाड टॉवेलची घडी छपरासारखी ठेवा. झाकणाला जमलेलं पाणी टॉवेलवर पडू द्या; छापलेल्या कापडावर एक थेंब पडला तरी पेस्ट तिथे विरघळून पसरते आणि नक्षीतून अश्रू ओघळल्यासारखा पांढरा ओघळ येतो.

लहान, सैल गुंडाळीला पंधरा मिनिटं द्या. जाड गुंडाळीत वाफ मध्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून एका मोठ्या गुंडाळीपेक्षा दोन लहान बऱ्या. मधेच झाकण उघडून बघू नका, हवा आत जाते.

बाहेर काढल्यावर कडा नीट बघा. कडेभोवती धुरकट फिकट वलय असेल तर ओलावा जास्त झाला: पेस्ट पातळ होती, ग्लिसरीन जास्त होतं किंवा कापड पुरतं वाळलं नव्हतं. कडा तीक्ष्ण पण मधला भाग मळकट असेल तर वाफ कोरडी किंवा अपुरी होती.

९. धुणं

आधी भरपूर थंड वाहत्या पाण्यात, नक्षीची बाजू वर ठेवून. गोंद आणि उरलेलं रोंगालाइट जाऊ द्या. कापड बादलीत गोळा करून ठेवू नका, सुटलेली पेस्ट न छापलेल्या भागातल्या रंगाला लागते. पाणी गुळगुळीत लागायचं थांबलं की साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग पुन्हा स्वच्छ पाणी.

या गरम धुण्याला फाटा देऊ नका. पूल तुटून उरलेले तुकडे अमाइन असतात. त्यांतले काही हवेने आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होतात. छपाईच्या दिवशी पांढरी दिसलेली नक्षी काही आठवड्यांनी चहाच्या डागासारखी झाली तर धुणं अपुरं राहिलं होतं, असं समजा. शिवाय काही ॲझो रंगांचे हे तुकडे शरीराला घातक असतात. अंगावर वापरायचं कापड आहे, तिथे काटकसर नको.

१०. नक्षी बिघडली तर कारण कसं ओळखायचं

आता तो साक्षीदार तुकडा काढा. त्याच पेस्टने, त्याच वाफेत त्याच्यावर एक ठसा छापा. तो पांढरा झाला आणि नवं कापड नाही झालं, तर दोष कापडातल्या रंगाचा. तोही राखाडी राहिला तर दोष पेस्टचा, वेळेचा किंवा वाफेचा. अशा वेळी आधी रोंगालाइटचा नवा डबा वापरून बघा, बाकी काही बदलू नका.

रंगाचा दोष निघाला तर नक्षी कशी बिघडली ते पाहा. काहीच उतरलं नाही तर तो बहुधा पिगमेंटने रंगवलेला कपडा. छटा बदलली पण रंग राहिला तर मिश्र रंग, माझ्या हिरव्यासारखा. खाकी उरला तर ट्रायझिन. तयार कपड्यावर नक्षी पांढरी आली पण शिलाईचे टाके काळेच राहिले तर धागा पॉलिस्टरचा आहे.

सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे परत येणारा रंग. नीळ, इतर व्हॅट रंग आणि गंधकी काळा हे रोंगालाइटने उतरल्यासारखे दिसतात, पण त्यांचा रेणू तुटत नाही. तो फक्त तात्पुरता बिनरंगी किंवा फिकट रूपात जातो आणि हवा लागली की पूर्ववत होतो. निळीच्या कापडावर हे समोर बघायला मिळतं. वाफेतून काढलं तेव्हा नक्षी लख्ख पिवळट असते. थंड पाण्यात धरल्यावर कडांपासून हिरवट होते, मग निळी, आणि दोन-तीन मिनिटांत फक्त जरा फिकट निळा आकार हातात राहतो. पुन्हा छापून, पुन्हा वाफ देऊन हेच होतं.

निळीवर स्वच्छ पांढरं हवं असेल तर रेणू तोडावाच लागतो. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटसारखं ऑक्सिडीकरण करणारं रसायन वापरतात. ते छापल्यावर तपकिरी थर उरतो, तो सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाने काढतात. पण ऑक्सिडीकरणाने सुती तंतूही कमजोर होतो. प्रमाण थोडं चुकलं तर नक्षी पांढरी येते आणि काही धुण्यांनी नेमकी नक्षीच्या आकारात फाटते. निळीच्या तुकड्याचा निकाल म्हणून धुतल्यावर फक्त रंग पाहून ठरवू नका; नक्षीची जागा दोन्ही हातांनी ताणून, शेजारच्या निळ्या भागाशी तुलना करून मगच मोठ्या कापडाला हात लावा.